व्हाइटबोर्डचा फोटो हातात आहे: नोंदी लिहू, कामांची यादी करू, की आकृती पुन्हा काढू?

टाचण
तासाभराची मीटिंग झाली आणि बोर्ड पुसायच्या आधी मी फोटो काढून ठेवला. आता "तो जरा नीट करून सगळ्यांना पाठवा" असा निरोप आलाय. नीट म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगितलेलं नाही.

विषय असा होता: ऑर्डर आली की साठा आधी राखून ठेवायचा, की पैसे आधी घ्यायचे. बोर्डाच्या मधोमध पाच चौकटी आहेत: ऑर्डर, साठा, पेमेंट, रांग, सूचना. बाण सात. साठा आणि पेमेंट यांच्यातला बाण दोन्हीकडे टोक असलेला. पेमेंटकडून साठ्याकडे आणखी एक लाल बाण, त्यावर "अपयश". रांगेकडून सूचनेकडे तुटक बाण. "रांग" या शब्दावरून एक तिरकी रेघ गेलीय, ती खोडल्याची की शिरोरेषाच, ते कळत नाही.

डावीकडे एकाखाली एक ओळी: "टाइमआउट ३० से.", "राखीव १५", "दुहेरी पेमेंट – की", "स. – लॉग", "शुक्र. पर्यंत?". उजव्या कोपऱ्यात चौकटीत: "आधी साठा, मग पेमेंट".

मीटिंगला सात जण होते. ज्यांना हे प्रत्यक्ष बांधायचंय त्यातले दोघं नव्हते. पुढची बैठक आठ दिवसांनी. तिन्ही प्रकार करायला वेळ नाही. कोणता निवडू?

कामाशी_काम
कामांची यादी. दुसरं काही करू नका. मीटिंगनंतर लोक एवढंच शोधतात, की माझ्या नावावर काय आलं आणि कधीपर्यंत. लांबलचक नोंदी कुणी उघडत नाही, आणि आकृती सगळ्यांच्या डोक्यात असतेच. तुमच्या बोर्डवरून पाच ओळींची यादी सहज होईल:

टाइमआउट ३० सेकंद करणे.
राखीव साठा १५ सेकंद ठेवणे.
दुहेरी पेमेंट तपासणे.
स. यांनी लॉग करणे, शुक्रवारपर्यंत.
आधी साठा, मग पेमेंट असा बदल करणे.

दहा मिनिटांत पाठवून मोकळे व्हा.

उभी_रेघ
कामाशी_काम, यादी आधी जायला हवी हे पटतं. पण तुमच्या या पाच ओळींमध्ये बोर्डवर नसलेल्या बऱ्याच गोष्टी शिरल्यात. त्या कशा शिरल्या ते पाहिलं तर टाचण यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच मिळेल.

सर्वात धोक्याची दुसरी ओळ. बोर्डवर "राखीव १५" आहे, एकक नाही. वरच्या ओळीत "३० से." आहे म्हणून तुम्ही १५ लाही सेकंद लावलेत. आता हिशोब करून बघा. साठा १५ सेकंद राखायचा आणि पेमेंटच्या उत्तराची वाट ३० सेकंद बघायची. म्हणजे उत्तर यायच्या आधीच साठा सुटतो, दुसरा ग्राहक तीच वस्तू घेतो, आणि विसाव्या सेकंदाला पहिल्याचं पेमेंट यशस्वी होतं. पैसे दोघांचे घेतले, वस्तू एक. "आधी साठा" असं ज्यासाठी ठरवलं, ते सगळं यात वाया जातं. १५ मिनिटं असतील तर अडचण नाही: ३० सेकंदांचे तीन प्रयत्न धरले तरी दीड मिनिट होतं. बोर्डवर बहुधा मिनिटंच म्हणायचं असणार, पण "बहुधा" हे यादीत लिहिता येत नाही. विचारूनच लिहावं लागेल.

"स. – लॉग" यात क्रियापद नाही. लॉग तपासायचे, वाढवायचे, की कमी करायचे? स. ने सुरू होणारी दोन माणसं मीटिंगला असतील तर नावही नाही. "शुक्र. पर्यंत?" कोणत्या ओळीचं आहे तेही फोटोवरून सांगता येत नाही, आणि त्यापुढचं प्रश्नचिन्ह तुम्ही गाळलंत.

तिन्ही प्रकारांतला फरक मला इथे दिसतो. सुटसुटीत नोंदी लिहिताना संदिग्ध गोष्ट संदिग्ध ठेवता येते: "राखीव १५ (एकक लिहिलेलं नाही)" एवढं लिहून पुढे जाता येतं. कामांची यादी केली की प्रत्येक ओळीला माणूस, क्रिया आणि तारीख द्यावीच लागते, त्यामुळे नसलेली तारीखही आपल्याकडून भरली जाते. आकृती पुन्हा काढताना प्रत्येक बाणाला एकच अर्थ द्यावा लागतो. बोर्डवरचा वाकडा बाण वाचणाऱ्याला "हे अजून कच्चं आहे" असं सांगत असतो, तोच सरळ रेषेत आणि छापील अक्षरांत आला की ठरलेला दिसतो. म्हणून जे ठरलेलं नाही ते ठरल्यासारखं कुठे दिसेल, हे आधी बघा आणि मग प्रकार निवडा.

कोपऱ्यातला_दिवा
फोटो नीट करायचा असेल तर मुळात तो नीट काढलेला हवा. बोर्डासमोर सरळ उभं राहून फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग येतो आणि नेमकी तिथलीच अक्षरं जातात. फ्लॅश बंद ठेवून एका बाजूला एक-दोन पावलं सरकायचं, म्हणजे दिव्याची चकाकी लेन्सबाहेर जाते. तिरपेपणा स्कॅनच्या ॲपमध्ये चार कोपरे धरून सरळ करता येतो. एक फोटो पूर्ण बोर्डाचा, आणि मग जवळून तीन-चार, एकमेकांवर थोडे चढणारे.

आकार बघा. आठ फुटी बोर्ड म्हणजे सुमारे २४०० मिलिमीटर. फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर एका मिलिमीटरला दीड-पावणेदोन पिक्सेल येतात, म्हणजे १५ मिलिमीटर उंचीच्या अक्षराला साधारण २५. तोच फोटो चॅटमधून नेहमीच्या पद्धतीने पाठवला आणि आकुंचन पावून १६०० पिक्सेलवर आला, की त्याच अक्षराला दहाच पिक्सेल उरतात. दहा पिक्सेलमध्ये इंग्रजी अक्षर कसंबसं वाचता येतं, पण आपली वेलांटी आणि अनुस्वार जातात. "मंजूर"चं "मजूर" होतं. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ आकारात जातो.

टाचण
कोपऱ्यातला_दिवा, धन्यवाद, पण बोर्ड पुसला गेलाय. आता आहे त्या एकाच फोटोवर काम करायचंय. मूळ फाइल माझ्याकडे आहे, स्कॅनच्या ॲपमधून ती पांढरीशुभ्र करून घेतली तर चालेल का?

उभी_रेघ
पाठवण्यासाठी करा, पण वाचताना मूळच समोर ठेवा. स्कॅनचा फिल्टर पार्श्वभूमी पांढरी करताना रंगांचा फरक ताणतो, आणि त्यातून दोन उलट चुका होतात. पिवळा किंवा फिकट केशरी मार्कर पार्श्वभूमीबरोबर पुसला जातो. आणि आधीच्या मीटिंगचे नीट न पुसलेले फिके ओरखडे गडद होऊन आजच्या रेघांसारखे दिसतात. बाण मोजा: मूळ फोटोत सात आणि स्कॅनमध्ये आठ असतील तर आठवा गेल्या आठवड्याचा आहे.

तुमच्या "रांग"वरच्या रेघेचंही मूळ फोटोतच बघा. घाईत शिरोरेषा शेवटी मारली की ती तिरकी होऊन अक्षरांच्या डोक्यातून जाते आणि खोडल्यासारखी दिसते. फोटो मोठा करा. रेघ अक्षराच्याच शाईची आणि जाडीची असेल आणि शब्दाच्या दोन्ही कडांशी थांबत असेल, तर ती शिरोरेषा. शब्दाच्या बाहेर जात असेल किंवा रंग वेगळा असेल, तर खोडलेलं. रंगावरून यापुढे जाऊन अर्थ काढू नका. लाल म्हणजे महत्त्वाचं असंच नसतं, काळा मार्कर वाळला म्हणूनही लोक लाल घेतात.

आणखी एक. बोर्डवर एकाने देवनागरी आकडे लिहिले असतील आणि दुसऱ्याने इंग्रजी, तर १ आणि 9, ४ आणि 8 यांची गफलत होते. तुमच्या "१५" चा एक नक्की एकच आहे ना, ते शेजारच्या आकड्यांशी ताडून बघा.

बिनओळी
आमच्याकडे प्रयोगशाळेच्या बैठकीत बोर्डवर आकृती कधीच नसते. तीन स्तंभ असतात: चाललंय, अडलंय, पुढचं. त्यावर प्रत्येक जण टिंबं लावून मत देतो. अशा वेळी पुन्हा काढायचं म्हणजे तक्ता करायचा का? टिंबांचं काय करायचं?

उभी_रेघ
एक सोपी चाचणी आहे. मनातल्या मनात सगळे बाण आणि रेघा पुसा आणि फक्त शब्द वाचा. अर्थ टिकत असेल तर ती यादीच आहे, पुन्हा काढायची गरज नाही. तुमचा बोर्ड तसा आहे, साधा तक्ता पुरे. टिंबं मात्र मोजून आकडा लिहा आणि एकूण किती जणांनी प्रत्येकी किती टिंबं लावली तेही लिहा. नाहीतर "६ टिंबं" म्हणजे सहा माणसं की दोघांची तीन-तीन, ते नंतर कळत नाही.

टाचण यांच्या बोर्डवरचे बाण पुसले तर उरतं "ऑर्डर, साठा, पेमेंट, रांग, सूचना". यातून काहीच कळत नाही. म्हणून आकृती लागणार. पण आज नाही.

टाचण
"आज नाही" म्हणजे? मग आज काय पाठवू?

उभी_रेघ
आज तीन गोष्टी एकाच संदेशात: मूळ फोटो, एक निर्णय, आणि प्रश्न. कामांची यादी म्हणून फक्त ज्याला माणूस, क्रिया आणि तारीख आहे ते. तुमच्या बोर्डवर असं सध्या एकही नाही, म्हणून यादीच्या जागी प्रश्न जातील. मी असं लिहीन:

"ठरलं: आधी साठा राखायचा, मग पेमेंट घ्यायचं.
विचारायचं: (१) राखीव १५ म्हणजे मिनिटं का? (२) 'स. – लॉग' हे कोणाचं काम, आणि लॉगचं नेमकं काय करायचं? (३) शुक्रवार हा त्याच कामाचा का? असल्यास तारीख लिहा. (४) रांग ठेवायची की काढली? उद्या दुपारपर्यंत उत्तर द्या, मग यादी पाठवतो."

वार कधीच एकटा लिहू नका. संदेश सोमवारी वाचणाऱ्याचा शुक्रवार आणि गुरुवारी वाचणाऱ्याचा शुक्रवार एकच असतो असं नाही. बोर्डवरचा "शुक्र." मीटिंगच्या दिवसापासून मोजायचा आणि तारीख घालायची.

"दुहेरी पेमेंट – की" हे इतरांना अर्धवट वाक्य वाटेल, जणू "की" नंतर काही लिहायचं राहिलंय. तिथे चावी या अर्थाची की आहे. ३० सेकंदांत उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा प्रयत्न केला, तर पैसे दोनदा कापले जाऊ नयेत यासाठी प्रत्येक ऑर्डरच्या पेमेंटला एक ओळखखूण द्यायची, आणि सगळ्या प्रयत्नांत तीच पाठवायची. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दर प्रयत्नाला नवी की तयार करणे. मग समोरच्या यंत्रणेला ती दोन वेगळी पेमेंट वाटतात. नोंदीत "पहिल्या प्रयत्नाआधी ऑर्डरने की तयार करायची" असं पूर्ण वाक्य लिहा. अर्थात मीटिंगमध्ये हेच ठरलं होतं का, ते तुम्हाला आठवत असेल तर.

टाचण
हो, तेच ठरलं होतं. उत्तरंही आली. राखीव १५ मिनिटं. लॉगचं काम दोन स. पैकी दुसऱ्यांचं: गेल्या महिन्यातली अपयशी पेमेंट तपासून त्यात टाइमआउट किती, ते मोजायचं. शुक्रवार त्याचाच. रांगेबद्दल दोघांची दोन मतं आली.

आता आकृती. बोर्डवर होत्या तशाच पाच चौकटी आणि सात बाण नीट काढू?

उभी_रेघ
नको. तशाच काढल्या तर फक्त सुंदर फोटो तयार होईल. प्रत्येक बाण कसला आहे ते आधी ठरवा. साठा आणि पेमेंट यांच्यातला दोन टोकांचा बाण मला यंत्रणेचा भाग वाटतच नाही. "आधी कोण?" हा मीटिंगचा प्रश्नच तिथे काढलेला दिसतो. त्याचं उत्तर कोपऱ्यात आहे, त्यामुळे नव्या आकृतीत तो बाण येणार नाही.

चर्चा क्रमाची होती, म्हणून चौकटी-बाणांऐवजी क्रमाची आकृती काढा: वेळ वरून खाली वाहते आणि प्रत्येक निरोप एक आडवा बाण. मर्मेड या मजकुरातून आकृती काढणाऱ्या साधनात एवढं पुरे:

```
sequenceDiagram
  participant O as ऑर्डर
  participant S as साठा
  participant P as पेमेंट
  O->>S: १५ मिनिटं राखून ठेव
  S-->>O: राखला
  O->>P: पैसे घे, की सोबत
  P-->>O: अपयश
  O->>S: सोडून दे
  Note over O,P: ३० से. उत्तरच नाही तर? ठरलेलं नाही
```

यात तुटक बाण म्हणजे उत्तर. म्हणून "अनिश्चित" दाखवायला तुटक रेघ वापरता येत नाही, त्यासाठी टीप लिहिलीय. बोर्डवरचा रांग-सूचना तुटक बाण याच कारणाने तसाच उचलू नका.

दोन गोष्टी मी स्वतःच्या जबाबदारीवर केल्यात, त्या विचारून घ्या. बोर्डवर लाल बाण पेमेंटकडून थेट साठ्याकडे जातो. मी तो ऑर्डरमार्फत नेला, कारण पेमेंटला साठा माहीत असणं मला गैरसोयीचं वाटतं. पण हे माझं मत आहे, बोर्डवरचं नाही. दुसरी ती शेवटची टीप. बोर्डवर "अपयश"चा बाण होता, उत्तरच न आल्याचा नव्हता. आकृती ओळीने काढायला बसलं की अशी मोकळी जागा दिसते, नुसत्या नोंदी लिहिताना ती दिसत नाही. उत्तर आलं नाही म्हणून लगेच साठा सोडला आणि पैसे मागाहून कापले गेले, तर पुन्हा तीच अडचण. पेमेंटची खरी स्थिती विचारून मग सोडायचा का, हे त्यांना ठरवावं लागेल.

कामाशी_काम
हे पटलं. म्हणजे तो शेवटचा प्रश्न यादीत काम म्हणून जातो: "उत्तर न आल्यास काय करायचं ते ठरवणे", पुढच्या बैठकीची तारीख घालून. पण माणूस कोण? तारीख मिळाली तरी नाव नसेल तर ते काम होत नाही.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. रांगेवर मतभेद असेल तर ती आकृतीतून काढून टाका. वाद असलेली चौकट दिसली की बांधणारा ती बांधून मोकळा होतो.

उभी_रेघ
मी उलट करीन. काढून टाकली तर ज्याला ती हवीय त्याला वाटेल की ठरवूनच वगळली. वर सहा ओळी काढल्यात त्यात ती नाही हे खरं, पण ते पेमेंटपर्यंतचाच भाग दाखवायचा होता म्हणून. खाली एका ओळीत लिहा: "रांग आणि सूचना यात दाखवलेल्या नाहीत, रांगेवर निर्णय बाकी." आकृतीच्या डोक्यावर मीटिंगची तारीख आणि "कच्ची" हा शब्दही. आणि मूळ फोटो तिच्याच खाली जोडा, वेगळ्या फोल्डरात नको.

कामाशी_काम
"कच्ची" लिहिलेली आकृती वर्षभर कच्चीच फिरते आणि लोक त्यावरूनच बांधतात. त्यापेक्षा जेवढं ठरलंय तेवढंच काढावं आणि त्यावर काही लिहू नये.

बिनओळी
दोन्ही नको असेल तर मुदत लिहा. "या तारखेनंतर ही आकृती वापरू नये." आमच्या तक्त्यांवर आम्ही तसं लिहितो. जुना तक्ता कुणी वापरलाच तर निदान दिसतं तरी.

टाचण
पाठवलं. लाल बाणाबद्दल विचारलं, तर पेमेंटने थेट साठ्याला सांगायचं असंच मीटिंगमध्ये बोललं गेलं होतं म्हणे. त्यामुळे आकृतीतला शेवटचा बाण बदलून `P->>S: सोडून दे` केला आणि उभी_रेघ यांचा आक्षेप टिपेत घातला. उत्तर न आल्याच्या प्रश्नावर नाव मिळालं, मीटिंगला नव्हते त्या दोघांपैकी एकाचं. त्यांनी आकृती बघून आणखी एक विचारलं: १५ मिनिटं साठा राखल्यापासून मोजायची की पेमेंट सुरू झाल्यापासून? बोर्डवर याचं काहीच नाही. तोही प्रश्न यादीत टाकला.